रात्री एक रेघ, सकाळी दोन: किट डुप्लिकेट नव्हती

ग्राहकाचा रिव्ह्यू (१ स्टार, फोटोसह): "रात्री ११ ला प्रेग्नन्सी टेस्ट केली तर एकच रेघ, सकाळी ७ ला पाहिलं तर दोन. आनंदात सासूबाईंना सांगून टाकलं. दुपारी रक्ताची तपासणी केली तर निगेटिव्ह. डुप्लिकेट किट विकतात, घेऊ नका."

दुकानाचं उत्तर, मानेवाडा, नागपूर:

ताई, घरी सांगून झाल्यावर असा रिपोर्ट हातात येणं किती जड जातं ते समजतं, म्हणून नीट लिहितो. तुमची किट बरोबर चालली होती, रात्रीची जी एक रेघ दिसली तोच तिचा रिझल्ट होता. या किटवर ५ मिनिटांत पाहायचं असं पाकिटावर छापलेलं असतं, त्यानंतर काय दिसतं ते मोजायचंच नाही.

आतल्या पट्टीत काय होतं सांगतो. लघवीचे थेंब टाकले की ती पट्टीवरून पुढे सरकते आणि लाल रंगाचे बारीक कण सोबत नेते. दिवस गेल्यावर शरीरात तयार होणारं एचसीजी हार्मोन असेल तरच ते कण किटवर टी लिहिलंय तिथल्या रेघेत अडकतात आणि गुलाबी रेघ उठते. नसेल तर कण पुढे निघून जातात आणि फक्त सी लिहिलंय तिथली रेघ येते, म्हणजे किट चालली एवढंच. पण टी च्या जागी कंपनीने आधीच औषधाची बारीक ओळ ओढलेली असते, ती आपल्याला दिसत नाही इतकंच. रात्रभर पंख्याखाली पट्टी सुकली की लघवीतले क्षार मागे राहतात, बोअरच्या पाण्याचे बादलीवर डाग राहतात ना तसे, आणि त्या ओळीच्या जागी सावलीसारखी रेघ उमटते. कधी पट्टी सुकताना उरलेला रंगही तिथे थोडा ओढला जातो, मग ती जराशी गुलाबीसुद्धा वाटते, म्हणून नुसत्या रंगावरही जाऊ नका.

तुमच्या फोटोत बघा, सी ची रेघ भरीव गुलाबी आहे आणि टी ची राखाडी, बारीक, तिरपं धरलं तरच दिसेल अशी. खरी पॉझिटिव्ह फिकी असली तरी गुलाबी असते, सी इतकीच रुंद असते आणि मुख्य म्हणजे वेळेत येते.

आता उलट बाजूपण सांगतो, उशिरा आलेली रेघ म्हणजे दिवस गेलेच नाहीत असंही नाही. फार सुरुवातीला हार्मोन कमी असतं, तेव्हा खरी रेघही हळू उठू शकते. म्हणून अशी पट्टी हो पण सांगत नाही आणि नाही पण, ती फेकायची आणि २-३ दिवसांनी सकाळच्या पहिल्या लघवीवर नवीन किट लावायची, मोबाईलवर ५ मिनिटांचा टायमर लावून.

तुमचा रक्ताचा रिपोर्ट निगेटिव्ह आहे, तो या पट्टीपेक्षा भरवशाचा. पण पाळी अजून आली नसेल तर आठवड्याभरात लेडी डॉक्टरला दाखवा, आणि पोटात एका बाजूला दुखलं किंवा रक्त गेलं तर थांबू नका, त्याच दिवशी जा.