‘आय बॉट कार’मध्ये नेमकं काय मोडतं? एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: “‘आय बॉट कार’ हे वाक्य व्याकरणात बसत नाही असं तुम्ही लिहिलंत. मला पटलं नाही. ऐकणाऱ्याला अर्थ पूर्ण कळतो. ‘बाय कार’ चालतं, ‘गो टु स्कूल’ चालतं, बातम्यांचे मथळे तर आर्टिकल गाळूनच छापतात. मग मोडलं काय? फार तर वाक्य ओबडधोबड झालं म्हणा. ‘एकवचनी नामाआधी आर्टिकल लागतंच’ असा नियम सांगून शिकणाऱ्यांना उगाच घाबरवू नका.”

नमस्कार. अवतरणात तुम्ही दिलेलं माझं वाक्य चुकीचं होतं, ते आधी मान्य करते. ‘आय बॉट धिस कार’ या वाक्यात आर्टिकल नाही, तरी ते शुद्ध आहे. ‘आय बॉट माय कार’, ‘आय बॉट अनदर कार’ ही वाक्यंही तशीच. म्हणजे नियम आर्टिकलचा नाहीच. तो आहे नामाच्या पुढ्यातल्या एका जागेचा.

इंग्रजीत नामाआधी एक खुर्ची असते असं समजा. तिच्यावर ‘अ’, ‘द’, ‘माय’, ‘धिस’, ‘दॅट’, ‘एव्हरी’, ‘विच’ यांपैकी कुणीही बसू शकतं, पण एका वेळी एकच. नाम मोजता येणारं आणि एकवचनी असेल, तर ही खुर्ची रिकामी ठेवता येत नाही. अशी खुर्ची खरंच असते का, हे दोन गोष्टींवरून पडताळता येतं. एक म्हणजे विशेषणं कितीही घातली तरी ती भरत नाही. ‘आय बॉट न्यू रेड कार’ तितकंच मोडलेलं राहतं. दुसरं म्हणजे तिथे दोघं दाटीवाटीने बसू शकत नाहीत. ‘अ माय कार’ होत नाही, ‘माय धिस कार’ही होत नाही.

आता हेच मराठीत बघा. ‘माझी ही गाडी’ आपण सहज म्हणतो, ‘ही माझी गाडी’ही म्हणतो. ‘माझी’ आणि ‘ही’ शेजारीशेजारी सुखाने नांदतात, कारण मराठीत अशी एकट्याची राखीव जागाच नाही. म्हणून ती रिकामी राहिली हेही आपल्या कानाला जाणवत नाही. वह्या तपासताना मला हे वारंवार दिसतं: जो ‘माय धिस कार’ लिहितो, तोच बहुधा ‘आय बॉट कार’ही लिहितो. वरवर एकात शब्द जास्त झालाय आणि दुसऱ्यात कमी पडलाय. चूक मात्र एकच, मराठीचा साचा इंग्रजीवर बसवल्याची.

आता अर्थ कळण्याचा मुद्दा. ‘मी पुस्तक घेतला’ हे वाक्य तुम्हाला कळलं? पूर्ण कळलं. तरी ते तुम्ही नुसतं ओबडधोबड म्हणणार नाही, चुकलं म्हणाल. ‘पुस्तक’ नपुंसकलिंगी आहे आणि क्रियापदाने त्याच्याशी जुळायला हवं, हा मराठीचा नियम आहे. तो मोडला म्हणून अर्थ अडत नाही, कारण ऐकणारा मनातल्या मनात दुरुस्ती करून घेतो. ‘आय बॉट कार’चंही तसंच होतं. समजणं आणि व्याकरणात बसणं या दोन निराळ्या कसोट्या आहेत.

हे नुसतं सवयीचं किंवा शैलीचं प्रकरण नाही हे कशावरून? क्रियापद तेच ठेवून फक्त नाम बदलून पाहा. ‘आय बॉट मिल्क’ शुद्ध. ‘आय बॉट कार्स’ शुद्ध. ‘आय बॉट कार’ अशुद्ध. दूध मोजत नाहीत, ‘कार्स’ अनेकवचन आहे, म्हणून दोन्हीकडे खुर्ची रिकामी चालते. एकवचन आणि मोजता येणं, या दोन अटी एकत्र आल्या की चालत नाही. नामाची जात आणि वचन बघून जे ठरतं, ते व्याकरणच.

यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी बाब पुढेच आहे. इंग्रजीत रिकामी खुर्ची मुकी नसते, ती स्वतः काहीतरी सांगते. ‘आय नीड अ ग्लास’ म्हणजे पेला हवा आहे. ‘आय नीड ग्लास’ म्हणजे काच हा पदार्थ हवा आहे. ‘अ चिकन’ म्हणजे अख्खी कोंबडी, नुसतं ‘चिकन’ म्हणजे तिचं मांस. एकवचनी नाम बोडकं ठेवलं की इंग्रजी कान त्याला वस्तू न मानता पदार्थ मानू पाहतो. ग्लासच्या बाबतीत तो अर्थ हाती लागतो, म्हणून वाक्य शुद्ध ठरतं, पण निराळंच काही सांगतं. कार नावाचा पदार्थ विकत मिळत नाही, म्हणून तिथे तो अर्थ लागत नाही आणि वाक्य अडखळतं. शिकणाऱ्याला घाबरवायचं नाही हे मला मान्य आहे. पण पेला मागताना आपण काच मागतोय, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं.

‘बाय कार’बद्दल: तिथे ‘कार’ ही एखादी ठरावीक गाडी नसतेच, ती प्रवासाची रीत असते. म्हणून तिला रंग लावून बघा. ‘बाय रेड कार’ होत नाही. रंग सांगायचा तर ‘इन अ रेड कार’ असं म्हणावं लागतं, म्हणजे खरी गाडी वाक्यात आली की खुर्ची लगेच भरावी लागते. ‘गो टु स्कूल’ म्हणजे शिकायला जाणं. इमारतीत काही कामाने जायचं तर ‘गो टु द स्कूल’. असे प्रयोग मोजकेच आहेत आणि ते पाठच करावे लागतात. ‘स्कूल’ला जे चालतं ते ‘बँक’ला चालत नाही. ब्रिटिश माणूस ‘इन हॉस्पिटल’ म्हणतो, तर अमेरिकन ‘इन द हॉस्पिटल’.

मथळ्यांचं थोडक्यात. मथळे आर्टिकलसोबत ‘इज’, ‘आर’ही गाळतात आणि कालची घटना वर्तमानकाळात सांगतात. तो जागा वाचवण्याचा वेगळा साचा आहे. मथळ्याखालची बातमी वाचा, पहिल्याच वाक्यात सगळी आर्टिकलं जागेवर आलेली दिसतील.

तुमच्या बाजूने मात्र एक गोष्ट आहे, जी तुम्ही मांडली नाहीत. हा नियम तर्काने आलेला नाही. लॅटिनला आर्टिकल नव्हतं, आणि खुद्द जुन्या इंग्रजीत ‘अ’ नव्हता. ‘आन’ हा एक या अर्थाचा शब्द होता; बोलताना त्यावरचा जोर ओसरत गेला आणि त्याचा ‘अन’ आणि ‘अ’ झाला. सिंगापूरच्या बोलीत, जिला सिंग्लिश म्हणतात, असं बोडकं नाम आजही सर्रास चालतं आणि त्या बोलीत ते शुद्धच आहे. त्यामुळे ‘मोडतं’ म्हणताना कुठल्या इंग्रजीत, हे मी सांगायला हवं होतं. परीक्षेत, अर्जात, छापील लेखनात जी प्रमाण इंग्रजी अपेक्षित असते, तिच्यात मोडतं.

मूळ लेखातलं ते वाक्य आज बदललं आहे. आता तिथे असं आहे: ‘प्रमाण इंग्रजीत मोजता येणाऱ्या एकवचनी नामाआधी अ, द, माय, धिस यांपैकी काहीतरी एक लागतं, ठरावीक वाक्प्रयोग सोडून.’