प्रश्नोत्तरांची बहुपर्यायी चाचणी: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: «एवढं पुराण कशासाठी? परिच्छेद प्रश्नचिन्हांवर तोडायचा, प्रत्येक प्रश्नाखाली खरं उत्तर आणि बाकीच्या प्रश्नांची तीन उत्तरं टाकायची, शेवटी उत्तरसूची. दहा मिनिटांचं काम! पण साध्या गोष्टीचा बाऊ करायची शिक्षकांना सवयच असते. तो नमुना परिच्छेद वाचून तर डोळे दुखले.»

नमस्कार. सलग लिहिलेल्या प्रश्नोत्तरांच्या परिच्छेदातून बहुपर्यायी चाचणी कशी काढायची, यावरच्या माझ्या लेखाबद्दल तुम्ही हे लिहिलंत. त्यातला नमुना परिच्छेद एकसलग छापल्यामुळे वाचायला जड गेला असेल, हे मान्य. पण शिक्षकांच्या सवयींवर घसरायची काय गरज होती? लेखात काय चुकलंय ते सांगितलं असतंत तर आनंदाने ऐकलं असतं. स्पर्धा परीक्षांच्या वर्गांसाठी मी वर्षानुवर्षं सराव चाचण्या काढत आलोय. बाऊ कशाचा करायचा आणि कशाचा नाही, एवढं मला नक्की कळतं.

‘बाकीच्या प्रश्नांची तीन उत्तरं’ हे तुम्ही जाता जाता लिहून गेलात. खरं काम तिथेच आहे. त्याच परिच्छेदातला एक प्रश्न तुमच्या रीतीने मांडून बघा:

महाराष्ट्राचा राज्यप्राणी कोणता?
अ) १ मे १९६०
ब) कळसूबाई
क) शेकरू
ड) यशवंतराव चव्हाण

पुस्तक न उघडलेला मुलगाही ‘क’वर खूण करील, कारण चारांत प्राणी एकच आहे. यातून त्याला काय येतं हे कुणालाच कळणार नाही. त्याऐवजी शेकरूसोबत गवा, भेकर आणि बिबट्या ठेवा. चारही सह्याद्रीच्या जंगलात आढळतात, त्यामुळे राज्यप्राणी माहीत असल्याशिवाय निवड करता येत नाही. तसंच कळसूबाईच्या प्रश्नाला साल्हेर, महाबळेश्वर आणि हरिश्चंद्रगड हवेत. उंच म्हणून सगळेच प्रसिद्ध आहेत, पण १६४६ मीटर फक्त कळसूबाईच. हे पर्याय परिच्छेदात कुठेच नसतात. ते विषय माहीत असलेल्या माणसालाच शोधावे लागतात, आणि म्हणून दहा मिनिटं पुरत नाहीत.

याहून मोठी अडचण पुढे आहे. परिच्छेदात होतं: ‘कृष्णेची एक उपनदी सांगा. कोयना.’ तोंडी विचारताना हा प्रश्न चालतो, कारण कोणतीही एक खरी उपनदी सांगितली की झालं. पर्याय देताच त्याचं स्वरूप बदलतं. आता उरलेल्या तिन्ही नद्या कृष्णेच्या उपनद्या नसल्याच पाहिजेत. एका वर्गात कुणीतरी घाईने पंचगंगा आणि वारणा पर्यायांत घातल्या, आणि सूचीत मात्र एकटी कोयना. पंचगंगा निवडलेल्या मुलांचे गुण गेले. बिचारी नकाशा घेऊन भांडत होती, आणि बरोबर तीच होती. ती चाचणी मी काढलेली नव्हती, पण निकाल निस्तरायला मलाच बसावं लागलं. तुम्ही ज्याला बाऊ म्हणता तो त्या मुलांच्या गुणांसाठी आहे. इथे प्रवरा, मांजरा, दारणा असे गोदावरीच्या बाजूचे पर्याय घ्यावेत, नाहीतर प्रश्नच नेमका करावा: ‘कराडला कृष्णेला मिळणारी नदी कोणती?’ मग पंचगंगा आणि वारणाही पर्याय म्हणून चालतात.

आणि प्रश्नचिन्हावर तोडायचं म्हणता, तर ‘सांगा’पुढे प्रश्नचिन्ह आहे कुठे? तुमच्या रीतीने तुकडा असा निघेल: ‘कळसूबाई, १६४६ मीटर. कृष्णेची एक उपनदी सांगा. कोयना. राज्यप्राणी कोणता’. एक प्रश्न आधीच्या उत्तराच्या पोटात गेला. ‘सांगा’, ‘लिहा’, ‘नाव द्या’ असे प्रश्न आपल्याकडे सर्रास असतात, म्हणून परिच्छेद एकदा डोळ्यांखालून घालून प्रत्येक प्रश्नाला हाताने क्रमांक द्यावाच लागतो. लेखात हे लिहिलं होतं. तुम्ही तिथपर्यंत वाचलं नसावं.

उत्तरसूचीबद्दल तुम्ही दोन शब्दांत आटोपलंत, म्हणून एवढंच सांगतो. सूची पर्यायांचा क्रम पक्का झाल्यावरच लिहायची. आधी लिहून मग पर्याय हलवले की ‘३ – क’चं ‘३ – अ’ होतं आणि सूचीत जुनंच राहतं. सालांचे पर्याय चढत्या क्रमाने लावले तरी अक्षर बदलतं. मग सूची न दाखवता कोरी प्रश्नपत्रिका दुसऱ्या कुणाला सोडवायला द्यायची आणि तिची उत्तरं ताडून बघायची. जिथे जुळत नाही तिथे, सोडवणाऱ्याचीच चूक नसेल तर, सूची तरी चुकलेली असते किंवा दोन पर्याय तरी बरोबर असतात.

बाकीच्या शेऱ्यांना उत्तर देण्यासारखं काही वाटत नाही. तुमच्या रीतीने त्याच परिच्छेदाची चाचणी करून इथे टाका, मी ती ओळीन् ओळ तपासून देतो.