देवाला लोड, मला खांब

आषाढ शुद्ध दशमी, रात्र. पंढरपूर, मठातली ओसरी.

काल दुपारी पोचलो एकदाचे. कोथळीहून मुक्ताईच्या पालखीसोबत निघालो तेव्हा जळगावचं ऊन डोक्यात शिरत होतं, मग मलकापूर, बुलढाणा, चिखली, जालना, बीड करत सातशेच्या आसपास किलोमीटर चाललो, आणि आता माझ्याकडे पाय म्हणून जे काही आहे ते पाय नाहीत, भरताची वांगी आहेत. भाजलेली. साल निघायच्या बेतात असलेली.

फोडांचं आधी लिहून ठेवतो. दिंडीतले जुने लोक फोडातून सुईनं दोरा ओवतात आणि दोरा तसाच आत ठेवतात, म्हणजे पाणी झिरपत राहतं आणि वरची कातडी जागेवर राहते. मलाही चिखलीच्या पुढे एका काकांनी असा दोरा ओवून दिला, मी दोन दिवस फॉलच्या साडीसारखा फिरलो. जालन्याकडे औषधांच्या गाडीवर डॉक्टरनं बघितलं आणि असा ओरडला की शेजारचे दोन जण आपापले पाय लपवून उठून गेले. म्हणे कातडी ठेवली ते बरोबर, पण दोरा म्हणजे घाण आत जायला वात लावून दिलीय तुम्ही. दोरा काढला, पट्टी बांधली, आणि पाय कोरडा ठेवा म्हणाला. जूनमध्ये. वारीत. बरं.

तर असे पाय घेऊन काल संध्याकाळी पाच वाजता मी दर्शनबारीला लागलो. आई नाही आली. आईची ही अकरावी वारी आणि ती अजून एकदाही आत गेलेली नाही. चंद्रभागेत पाय बुडवायचे, पुंडलिकाला हात जोडायचे, महाद्वाराशी नामदेव पायरीला डोकं टेकवायचं, कळस बघायचा, झालं दर्शन. मी म्हटलं, अगं एवढं सातशे किलोमीटर येऊन दारातून परत? तर म्हणे, "तुले जायचं तं जाय, मले जेवायचंय."

मी गेलो. आता बारीमध्ये दोन प्रकार असतात, मुखदर्शन म्हणजे लांबून तोंड बघायचं, ती रांग जरा पटपट सरकते, आणि पददर्शन म्हणजे थेट पायावर डोकं. मी पहिल्यांदाच आलेलो त्यामुळे हौस दांडगी, पददर्शनच पाहिजे. तिची शेपूट शोधायला गेलो तर ती गोपाळपूरच्या रस्त्याला, पत्राशेडच्याही पुढे. म्हणजे देवाकडे जायचं तर आधी देवाकडे पाठ करून दोन-अडीच किलोमीटर चालायचं. तिथे पोचलो तेव्हा मला देवळापेक्षा मुक्ताईनगर जवळ वाटायला लागलं.

पत्राशेड म्हणजे पत्र्याखाली लोखंडी पाइपांच्या नागमोडी गल्ल्या. अर्धा तास सरकल्यावर लक्षात येतं की आपण मघाशी जिथे होतो तिथूनच पाइपाच्या पलीकडून चाललोय, कारण मघाचाच माणूस मघाचीच तंबाखू मळतोय. रात्री दहाला केळीवाला आला. आमच्याकडे बांधावर केळी सडतात, आणि इथे मी साठ रुपये डझन दिले. विचारलं कुठली तर म्हणे टेंभुर्णीची. खाल्ली. काही बोललो नाही. (चव ठीक होती, पण रावेरच्या माणसानं हे लेखी देऊ नये.)

माझ्या पुढे यावलकडचे एक रिटायर गुरुजी होते. बारीत प्रत्येकाच्या पुढे एक गुरुजी असतातच. साडेबाराला मी पाइपाला टेकून कण्हत होतो तर ते म्हणाले, "भाऊ, तुम्ही आठ तास उभे आहात. तो किती दिवस झाले उभा आहे, माहीत आहे का?"

मला वाटलं आता अठ्ठावीस युगं काढणार. पण गुरुजींनी वेगळंच काढलं. आषाढी यात्रा सुरू झाली की मुहूर्त बघून देवाच्या शेजघरातला पलंगच बाहेर काढतात. लोक एवढ्या लांबून आलेत तर देवानं झोपायचं नाही, चोवीस तास दर्शन. रोजची शेजारती वगैरे बंद. यात्रा सरेपर्यंत देव उभाच. फक्त पाठीला टेकायला एक मऊ लोड देतात आणि रखुमाईला तक्क्या.

लोड! हे ऐकून मला भक्ती सुचायची सोडून हेवा वाटला, खोटं कशाला लिहू. कारण माझ्या पाठीला लोखंडी पाइप होता आणि पाइपाच्या पलीकडून एका आजोबांची पिशवी, जिच्यात बहुतेक टाळ होते.

गुरुजी पुढे म्हणाले, यात्रा संपली की प्रक्षाळपूजा असते. देवाला गरम पाण्यानं आंघोळ, पायांना लिंबू-साखर चोळतात, शिणवटा जावा म्हणून, आणि रात्री काढा देतात, मग पलंग परत आत. मी म्हटलं गुरुजी, म्हणजे देवाचेही पाय दुखतात? तर म्हणाले, "दुखतात असं धरून चालायचं. पाय दुखत नसलेला देव आपल्याला काय करायचा?" एवढं बोलून ते उभ्या उभ्या झोपले. चाळीस वर्षं सुपरव्हिजन केलेला माणूस, त्याला सराव असतो.

पहाटे दर्शनमंडपात, मग तिथून पुलावरून देवळात. आत शिरल्यावर गुरुजी परत जागे झाले आणि चौऱ्याऐंशीच्या शिलालेखाचं सांगायला लागले. यादवांच्या रामदेवरायाच्या काळात, १२७३ ते १२७७, देवळाला कोणी किती दिलं ते दगडावर कोरलेलं. लोकांची समजूत अशी की त्या दगडाला पाठ घासली की चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, म्हणून पिढ्यानपिढ्या पाठी घासून अक्षरं झिजली. म्हणजे मुळात ती वर्गणीची यादी! आमच्या गल्लीतल्या गणपतीची यादी विसर्जनाआधीच गायब होते, कोणी पाठसुद्धा घासत नाही.

मग सोळखांबी आली. तिथले खांब चांगले गार दगडाचे, एकाला मी हळूच पाठ लावली, मोक्षासाठी नाही, कंबरेसाठी. मग चौखांबी, मग गाभारा, आणि मग सगळं इतकं पटकन झालं की काय सांगू. डोकं टेकवलं. पाय गार होते, ओलसर, तुळशीचा वास. मी मान वर करून लोड दिसतो का बघायला गेलो तेवढ्यात कोणीतरी खांदा धरून पुढे ढकललं, "चला माउली, चला." सतरा तासांत मी देवाकडे काही मागितलं नाही, नुसती त्याची पाठ बघायचा प्रयत्न केला. आणि ती दिसली नाही, हार फार होते.

बाहेर आलो, सकाळचे दहा. चप्पल नव्हती. ते लिहीत नाही.

आज दिंडीतले लोक वाखरीला गेले, मी मठात पाय भिंतीला वर करून पडलो होतो. संध्याकाळी आई आली, पाय बघितले, म्हणाली, "कोन सांगलं व्हतं तुले? माह्यं दर्शन काल साडेसहालेच झालं." मग मी तिला लोडाचं, पलंगाचं, लिंबू-साखरेचं सगळं सांगितलं. ती लक्ष देऊन ऐकत होती, लोडाचं ऐकून "बरं केलं" म्हणाली, जसं काही शेजारच्यांच्या घरातलं चाललंय. मला वाटलं तार लागली, म्हणून म्हटलं, आई, तुझ्या पिशवीत लिंबू आहे ना, अर्धं चोळ की माझ्या पायाला.

"एकच हाय," ती म्हणाली. "उद्या एकादशी. साबुदाण्याले काय पिळू?"