पाठ केलेली स्क्रिप्ट आणि मध्येच तोडणारे डॉक्टर

"मॅडम, तुमच्या एसबारच्या स्क्रिप्ट विद्यार्थिनी घडाघडा पाठ म्हणतात आणि पूर्ण गुण मिळवतात. वॉर्डात मात्र डॉक्टर दुसऱ्याच वाक्याला तोडतात आणि त्या गप्प होतात. ही पोपटपंची नव्हे का?"

एसबार म्हणजे परिस्थिती, पार्श्वभूमी, मूल्यमापन आणि शिफारस अशा चार टप्प्यांत नर्सने डॉक्टरांना रुग्णाची माहिती सांगण्याची रीत. आपला आक्षेप पहिल्या दोन स्क्रिप्टना तंतोतंत लागू पडतो. त्यांत मी संवाद पूर्ण लिहून दिले होते आणि ती चूक माझीच होती. आता मी नर्सची भूमिका करणाऱ्या मुलीला वाक्ये देत नाही, फक्त केसपेपर आणि चार्ट देते; डॉक्टरांची भूमिका करणाऱ्या मुलीच्या चिठ्ठीवर मात्र "दुसऱ्या वाक्याला तोडा, 'बीपी सकाळी किती होतं?' असे विचारा" अशी सूचना असते.

सध्याची केस अशी आहे. न्यूमोनियाचे ६२ वर्षांचे, ६० किलो वजनाचे रुग्ण. सकाळी सहाला बीपी १३२/८०, दुपारी दोनला ९४/५८. नाडी ११८, श्वास मिनिटाला २६, ताप ३८.६, आणि सकाळी पेपर वाचणारे आजोबा आता हाक मारल्यावरच डोळे उघडतात. लघवीच्या पिशवीत चार तासांत ७० मिली. सकाळी आठला बीपी कमी करणारे अम्लोडिपिन दिल्याची नोंद औषधांच्या पानावर आहे, पण ती कोणीतरी वाचली तरच सापडते.

परिस्थिती आणि पार्श्वभूमी बहुतेक जणी नीट सांगतात. अडखळतात त्या तिसऱ्या टप्प्यावर, कारण तिथे त्या तेच आकडे पुन्हा वाचतात. ताशी किमान ३० मिली लघवी व्हायला हवी होती, म्हणजे चार तासांत १२०. ती झालेली नाही, बीपी उतरले आहे, गुंगी आहे, म्हणून "मला सेप्सिसची शंका येते" एवढे वाक्य तिच्या तोंडून यायला हवे. निदान करणे आपले काम नाही, असे तिच्या मनात बसलेले असते. पण शंका बोलून दाखवणे म्हणजे निदान करणे नव्हे. शेवटी "सर, जरा बघता का?" याला मी शून्य गुण देते. "सर, दहा मिनिटांत येऊन पाहा, तोवर ऑक्सिजन आणि सलाईनबद्दल काय करू, आणि पुढचा अम्लोडिपिनचा डोस थांबवू का?" याला पूर्ण गुण.

मग डॉक्टर फोनवर घाईत सलाईनची ऑर्डर देतात, "पाचशे एमएल एनएस, ओव्हर फिफ्टीन मिनिट्स." फिफ्टीनचे फिफ्टी होणे इथे सहज घडते, म्हणून ऑर्डर उलट वाचून दाखवताना "एक-पाच, पंधरा मिनिटांत" असे अंक सुटे म्हणायला लावते. डॉक्टर होणारी मुलगी तोवर फोन ठेवायच्या बेतात असते (तेही चिठ्ठीवर लिहिलेलेच असते), आणि तिला "सर, थांबा, एकदा वाचून दाखवते" असे म्हणून थांबवणे हाच या रोल-प्लेमधला सर्वांत अवघड भाग ठरतो.

तोडले गेल्यावर गप्प बसलेल्या मुलीला मी केस पुन्हा पहिल्यापासून करू देत नाही. उत्तर देऊन जिथे राहिले होते तिथूनच पुढे जायचे, कारण वॉर्डात दुसरी फेरी मिळत नसते.