स्क्रीनशॉट हमखास गमावण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत बसून दोन तास घाम गाळावा, सतरा स्क्रीनशॉट काढावेत आणि दुसऱ्या दिवशी त्यांपैकी एकही शिल्लक राहू नये, अशी ज्यांची मनीषा असेल, त्यांनी हा लेख अवश्य वाचावा. प्रस्तुत लेखकाने गेल्या शुक्रवारी हा प्रयोग स्वतःवर करून पाहिला असून तो पहिल्याच फटक्यात यशस्वी झाला आहे. सांख्यिकीच्या प्रात्यक्षिकांचे आलेख काढून झाले होते, सोमवारी जर्नल सादर करायचे होते आणि शनिवारी सकाळी त्याच यंत्रावर, त्याच खुर्चीत, त्याच लॉगिनने बसल्यावर Pictures या फोल्डरात पाहिले, तर तेथे चित्रे तर नव्हतीच, पण ती ज्यात होती ते Screenshots नावाचे फोल्डरसुद्धा नव्हते.

पद्धतीचा पाया असा आहे की चित्र कोठे साठवले जाते, हे कधीही विचारू नये. वर्डमध्ये लिहिलेला मजकूर पहिल्यांदा साठवताना तो बिचारा निदान विचारतो तरी, की मला कोठे ठेवू. स्क्रीनशॉट विचारत नाही. विंडोज आणि प्रिंट स्क्रीन ही दोन बटणे एकत्र दाबली की पडदा क्षणभर काळवंडतो आणि चित्र निमूटपणे `C:\Users\` च्या खाली आपल्या नावाच्या फोल्डरात, त्यातील Pictures मध्ये आणि त्यातील Screenshots मध्ये जाऊन बसते. पडद्याचा तुकडा कापणारे स्निपिंग टूल विंडोज 11 मध्ये आपण होऊन साठवते, तेही तेथेच. पडदा काळवंडला म्हणजे काम झाले, असे मानून पुढे चालावे. ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन दाबून चित्र फक्त क्लिपबोर्डवर घेतले तर आणखी उत्तम. मग ते गमावण्यासाठी लॉगआउटचीही वाट पाहावी लागत नाही, पुढचे काहीतरी कॉपी केले की झाले.

आता यामागचे यंत्र समजून घ्यावे, म्हणजे गमावण्याचा आनंद डोळसपणे घेता येईल. अशा ठिकाणी आपले खाते आपले असते, पण त्या खात्याची खोली आपली नसते. विंडोजमध्ये या खोलीला प्रोफाइल म्हणतात. डेस्कटॉप, Documents, Pictures, Downloads, ब्राउझरच्या खुणा, सगळ्या आवडीनिवडी तिच्यातच राहतात. घरच्या संगणकावर या आवडीनिवडींची नोंद `NTUSER.DAT` नावाच्या फाइलीत होते आणि टिकते. प्रयोगशाळेचा व्यवस्थापक सर्व्हरवरील मूळ प्रतीत तिचे नाव बदलून `NTUSER.MAN` असे करू शकतो. या एका बदलाने ते प्रोफाइल सक्तीचे होते. दर वेळी लॉगिन केले की सर्व्हरवरची कोरी प्रत आपल्यापुढे उघडते, आपण तिच्यात हवा तो संसार मांडतो आणि लॉगआउट केले की त्यातले काहीही सर्व्हरवर परत लिहिले जात नाही. यंत्रावर मागे उरलेली प्रतही बहुतेक ठिकाणी पुसून टाकतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच कोरी खोली, म्हणजे अक्षरशः ये रे माझ्या मागल्या. काही प्रयोगशाळांत हे काम लॉगआउटवर न होता यंत्र पुन्हा सुरू केल्यावर होते. तेथे डिस्कवर लिहिलेले सर्व तात्पुरत्या जागेत धरले जाते आणि रीस्टार्ट झाला की सोडून दिले जाते. तिथला विद्यार्थी अधिक भाग्यवान, कारण त्याची फाइल दिवसभर दिसत राहते आणि विश्वास पक्का झाल्यावर जाते.

खबरदारी म्हणून चित्रे डेस्कटॉपवर ठेवावीत. डेस्कटॉप समोर दिसतो, म्हणून तो कोठेही जाणार नाही, अशी आपल्याकडे एक गाढ समजूत आहे. तोही त्याच खोलीतला आहे.

रीसायकल बिन अवश्य उघडून पाहावी. ती रिकामी असेल. प्रोफाइल पुसताना कोणी फाइली तिच्यात टाकत बसत नाही.

जे जास्त हुशार आहेत, त्यांनी स्निपिंग टूलच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्रे साठवण्याची जागा बदलून टाकावी किंवा Screenshots फोल्डरवर उजवी टिचकी मारून, Properties मधील Location या टॅबवरून ते फोल्डर दुसरीकडे हलवावे. प्रस्तुत लेखकाने शनिवारी हेच केले आणि आपण पाताळयंत्री आहोत असे त्याला सुमारे चाळीस मिनिटे वाटत होते. मग दुपारच्या तासाला पुन्हा लॉगिन केले, तर चित्रे पुन्हा जुन्याच जागी पडू लागली. जागा बदलल्याची ही नोंद कोठे साठवली जाते? त्याच प्रोफाइलमध्ये. किल्ली ठेवायला चोराच्याच घराची निवड करावी, तसा हा प्रकार आहे.

आपले प्रोफाइल पुसले जाते हे ओळखण्याच्या खुणांकडे मात्र कटाक्षाने दुर्लक्ष करावे. दर वेळी लॉगिन करताना स्वागताचा तोच संदेश येतो, ब्राउझर पहिल्या भेटीसारखे ‘मला कायमचा ब्राउझर कराल का’ असे विचारतो, भिंतीवरचे चित्र आपण काल बदललेले असूनही पूर्ववत होते. सर्वांत बोलकी खूण तर स्क्रीनशॉटच्याच नावात असते. विंडोज आणि प्रिंट स्क्रीन दाबून काढलेल्या चित्रांना `Screenshot (1).png`, `Screenshot (2).png` असे क्रमांक मिळतात आणि शेवटच्या क्रमांकाची आठवण यंत्र प्रोफाइलमध्येच ठेवते. काल 17 पर्यंत मजल मारली असताना आज नवे चित्र पुन्हा 1 पासून सुरू झाले, तर यंत्राने आपल्याला ओळखलेले नाही, हे त्या आकड्यातच लिहिलेले असते. मी शनिवारी तो आकडा पाहिला आणि मनात म्हणालो, ‘अरे वा, नीट पहिल्यापासून सुरू झाले.’

इथपर्यंत उपरोध झाला. आता तो पुढे रेटणे मला शक्य नाही, कारण सोमवारी मी प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या सरांकडे गेलो, तेव्हाचा संवाद आठवला की माझा तोल जातो.

“सर, माझे स्क्रीनशॉट गेले.”

“सी ड्राइव्हवर ठेवले होतेस ना?”

“मी ठेवले नाहीत सर, ते आपोआप तिथेच गेले.”

“मग जाणारच. बोर्डवर लावलंय की, आपला डेटा एच ड्राइव्हवर ठेवावा म्हणून.”

बोर्ड प्रिंटरच्या मागे आहे. त्यावरची सूचना वाचायची, तर प्रिंटर पुढे ओढावा लागतो. ‘एच ड्राइव्ह’ म्हणजे काय, हे त्या सूचनेतही लिहिलेले नाही. This PC उघडल्यावर माझ्या हजेरी क्रमांकाचे एक ड्राइव्ह दिसते, ते मी तीन वर्षे रोज पाहत होतो आणि ते कोणा व्यवस्थापकाचे असावे, असे समजत होतो. ती सर्व्हरवरची माझी स्वतःची जागा होती, प्रोफाइलच्या बाहेरची, जी कधीच पुसली जात नाही.

प्रोफाइल पुसणे चूक आहे, असे माझे म्हणणे नाही. एका यंत्रावर दिवसात पाच तुकड्या बसतात, कोणी खेळ टाकतो, कोणी पेनड्राइव्हमधून विषाणू आणतो, कोणी लॉगइन केलेला मेल तसाच सोडून जातो. ती खोली रोज झाडली नाही तर आठवड्यात उकिरडा होईल. पण रोज झाडणार आहात, तर सामान दाराबाहेर ठेवा, हे दारावर लिहा ना! त्या कोऱ्या प्रोफाइलचा डेस्कटॉप तुम्हीच ठरवता. त्याच्या चित्रावर ‘या संगणकावर ठेवलेले लॉगआउट झाल्यावर पुसले जाते, H: मध्ये ठेवा’ एवढे मोठ्या अक्षरांत लिहिले, तर रोज प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे येईल. त्याहून सोपे म्हणजे ग्रुप पॉलिसीमध्ये फोल्डर रीडायरेक्शन नावाची सोय आहे. तिच्यात Pictures आणि Documents ही दोन फोल्डरे सर्व्हरवरच्या त्या जागेकडे वळवली की विद्यार्थ्याने काहीही न विचारता विंडोज आणि प्रिंट स्क्रीन दाबून काढलेले चित्रसुद्धा सुरक्षित जागी जाऊन पडते. हे एकदा करायचे काम आहे. ते न करता वर्षानुवर्षे ‘बोर्डवर लावलंय’ असे सांगत राहणे याला शिस्त म्हणत नाहीत, आळस म्हणतात.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही आणि मी तरी काय वेगळे केले? तीन वर्षांत एकदाही `चाचणी.txt` नावाची रिकामी फाइल Documents मध्ये ठेवून, लॉगआउट करून, परत येऊन पाहिले का? मग यंत्र रीस्टार्ट करून पुन्हा पाहिले का? पाच मिनिटांचे काम होते. Documents वर उजवी टिचकी मारून Properties मध्ये Location पाहिले असते, तरी समजले असते. तेथील पत्ता `C:\Users` ने सुरू झाला, तर ती कोरी खोली. सर्व्हरच्या नावाने, म्हणजे दोन तिरप्या रेघांनी सुरू झाला, तर ती जागा टिकणारी. जोडलेली सर्व्हरवरची ड्राइव्हे पाहायची असतील, तर कमांड प्रॉम्प्टवर एवढे लिहा.

```
net use
```

यात H: किंवा Z: असे काही दिसले, तर आधी त्यात स्वतःचे एक फोल्डर करा आणि त्यात वर्डची फाइल साठवून ठेवा. मग प्रत्येक आलेख आला की विंडोज, शिफ्ट आणि एस दाबून तुकडा कापा, त्या फाइलीत कंट्रोल-व्ही ने चिकटवा आणि कंट्रोल-एस दाबा. असे केले की चित्र कुठे पडते याची चिंताच उरत नाही, कारण ते जर्नलमध्येच पडते. सर्व्हरवरची जागा नसेल, तर उठण्यापूर्वी चित्रे स्वतःला मेल करा. सतरा आलेख जीमेलच्या 25 एमबीच्या मर्यादेत सहज बसतात. जोडपत्र पूर्ण चढल्यावरच पाठवा आणि मोबाइलवर मेल आला, चित्र उघडले, हे पाहून मगच लॉगआउट करा. वनड्राइव्ह वापरत असाल, तर त्याच्या चिन्हावरची फिरती खूण थांबेपर्यंत खुर्ची सोडू नका, कारण अर्धवट चढलेली फाइल ही पुसलेली फाइलच असते. आणि D: वर ‘सर्वांसाठी’ म्हणून एखादे फोल्डर असेल, तर ते बहुधा टिकते खरे, पण तेथून कोणीही काहीही उडवू शकते; जागा हवी म्हणून मागून येणारी तुकडी ते मोकळे करते.

माझे सतरा आलेख मंगळवारी पुन्हा काढून झाले. जर्नल एक दिवस उशिरा दिले, म्हणून दोन गुण गेले. सरांनी प्रिंटर अद्याप पुढे ओढलेला नाही.