सुएझ कालवा म्हणजे वाळूत मारलेला चर नव्हे

«दोन्ही समुद्र एकाच पातळीवर, मध्ये नुसती वाळू. मग सुएझ कालव्यात इंजिनिअरिंग कसलं? लाखो मजुरांनी दहा वर्षं फावडी चालवली आणि सरळ चर मारला. १८६९ मध्ये कालवा उघडला, त्याच दिवशी आफ्रिकेचा वळसा संपला, शिडाची जहाजं भंगारात गेली आणि कापसाच्या पैशाने मुंबई श्रीमंत झाली. पुढे पनामातही हीच युक्ती वापरली.»

हा मजकूर गेल्या महिन्यात मला तीन वेगवेगळ्या गटांतून आला. त्यात थोडं खरं आहे, म्हणूनच तो पटतो. पण प्रत्येक वाक्यात नेमकी महत्त्वाची गोष्ट गळली आहे. एकेक वाक्य घेऊ.

पहिलं पातळीचं. दोन्ही समुद्र जवळपास एका पातळीवर आहेत हे आज सांगणं सोपं आहे. हे सिद्ध व्हायलाच जवळजवळ पन्नास वर्षं गेली. नेपोलियन १७९८ मध्ये इजिप्तमध्ये उतरला तेव्हा त्याच्याबरोबर ल पेर नावाचा इंजिनिअर होता. त्याने सुएझची संयोगभूमी मोजली आणि लाल समुद्र भूमध्य समुद्रापेक्षा सुमारे १० मीटर उंच असल्याचं सांगितलं. मोजणी युद्धाच्या धामधुमीत, तुकड्यातुकड्यांनी, पाण्याची टंचाई आणि हल्ल्यांची भीती सोसत झाली होती. पाणसळीच्या कामात प्रत्येक टप्प्यावरची बारीक चूक पुढच्या टप्प्यात मिसळत जाते. शंभरेक मैलांत ती किती वाढेल याचा अंदाज यावरून येईल. लाप्लाससारख्या गणितज्ञाला हा फरक पटला नव्हता.

त्या १० मीटरांचा परिणाम मोठा होता. तेवढा फरक खरा असता तर उघडा कालवा खणणं म्हणजे लाल समुद्राला इजिप्तच्या सखल भागात वाट करून देणं ठरलं असतं. मग लॉक बांधावे लागले असते. लॉक म्हणजे दोन दरवाज्यांमधली पाण्याची कोठी, जिच्यात जहाज उचलून किंवा उतरवून पुढे सोडतात. प्रत्येक लॉकमध्ये वेळ जातो, पाणी लागतं आणि जहाजाच्या आकाराला मर्यादा येते. १८४७ मध्ये बुर्दालू या फ्रेंच सर्वेक्षकाच्या पथकाने पुन्हा काटेकोर मोजणी केली तेव्हा फरक नगण्य निघाला. त्यानंतरच नेग्रेली या ऑस्ट्रियन इंजिनिअरचा बिनलॉकचा आराखडा पुढे सरकला. म्हणजे ‘एकाच पातळीवर’ हे दोन शब्दच या कालव्यातलं पहिलं मोठं इंजिनिअरिंग आहे.

आणि ते शब्दही पूर्ण खरे नाहीत. सरासरी पातळी सारखी असली तरी लाल समुद्राकडच्या सुएझच्या टोकाला उधाणाच्या वेळी पाणी दोनेक मीटर चढतं-उतरतं, तर भूमध्य समुद्राकडच्या पोर्ट सैदला भरती-ओहोटी जेमतेम जाणवते. हंगामाप्रमाणेही फरक पडतो. वाटेतल्या सरोवरांच्या उत्तरेला कालव्यातलं पाणी हिवाळ्यात उत्तरेकडे आणि उन्हाळ्यात दक्षिणेकडे वाहतं. हा प्रवाह जहाजांना त्रासदायक का ठरला नाही? कारण ही ‘कडू सरोवरं’. ती पूर्वी मिठाचा थर जमलेली कोरडी खोलगट जमीन होती. १८६९ मध्ये दोन्ही समुद्रांचं पाणी सोडून ती भरली. सुएझहून येणारी भरती या मोठ्या पसाऱ्यात शिरली की तिचा जोर विरतो.

आता फावड्यांचं. सुरुवातीची वर्षं हे खरं होतं आणि ती फार वाईट होती. इजिप्तच्या शेतकऱ्यांना वेठीला धरून आणलं जाई. दर महिन्याला सुमारे २०,००० माणसं नवी, आणि जुनी परत गावाकडे. पोर्ट सैदच्या दक्षिणेला मंझला नावाचं उथळ खाजण आहे. तिथे वाळू नव्हतीच, होता तो पातळ काळा रेंदा. फावड्यावर घेतला की गळून जाई. मग माणसं कमरेइतक्या पाण्यात उभी राहत, दोन्ही हातांनी रेंद्याचा गोळा काढत, छातीशी दाबून त्यातलं पाणी पिळत आणि तो काठावर नेऊन ठेवत. उन्हात वाळला की त्यावर पुढचा थर. असे बांध घातले तेव्हा कुठे मधली वाट टिकली. कोकणातल्या खाडीत बांध घालणाऱ्यांना हे काम लगेच कळेल. पण चर मारणं म्हणतात ते हे नव्हे.

तहानेचाही प्रश्न होताच. वाळवंटातल्या हजारो माणसांना प्यायला पाणी उंटांवरून येई. म्हणून आधी नाईलपासून एक गोड्या पाण्याचा कालवा खणला. तो १८६२ मध्ये तिम्सा सरोवरापर्यंत आणि १८६३ मध्ये सुएझपर्यंत पोचला. तो नसता तर मोठा कालवा खणणाऱ्यांना तिथे टिकताच आलं नसतं.

वेठबिगारीवर इजिप्तच्या नव्या राज्यकर्त्याने, इस्माईलने, हरकत घेतली. १८६४ मध्ये तिसऱ्या नेपोलियनच्या लवादाने निकाल दिला. कालवा खणणाऱ्या फर्दिनां द लेसेप्सच्या फ्रेंच कंपनीला वेठीची माणसं आणि काही जमीन सोडावी लागली, बदल्यात इजिप्तने ८.४ कोटी फ्रँक द्यायचे ठरले. मजूर गेले आणि कंपनी यंत्रांकडे वळली. बोरेल आणि लाव्हाले या दोन फ्रेंच कंत्राटदारांनी वाफेवर चालणारे ड्रेजर आणले. बादल्यांची साखळी तळातला गाळ वर ओढी आणि तो सत्तर मीटरपर्यंत लांब पन्हाळीतून, पंपाच्या पाण्याच्या जोरावर, थेट काठापलीकडे जाई. सुमारे साडेसात कोटी घनमीटर मातीपैकी तीन-चतुर्थांश यंत्रांनी निघाली.

सेरापियमच्या उंचवट्यावर त्यांनी काय केलं ते मला या साऱ्या कामातलं सर्वांत हुशारीचं वाटतं. तिथली जमीन समुद्रापेक्षा उंच, त्यामुळे ड्रेजर तरंगायला पाणीच नाही. मग वरच्या वर उथळ खणून तिथे नाईलचं गोडं पाणी भरलं आणि ड्रेजर समुद्रसपाटीच्या वर तरंगत ठेवून तळ खोल केला. नंतर ते पाणी सोडून दिलं आणि यंत्रं खाली, समुद्राच्या पाण्यावर आणली.

तिसरा मुद्दा, म्हणजे ‘त्याच दिवशी आफ्रिकेचा वळसा संपला’, हा सर्वांत चुकीचा आहे. १७ नोव्हेंबर १८६९ ला कालवा उघडला. पुढच्या पूर्ण वर्षात, १८७० मध्ये, त्यातून ४८६ जहाजं गेली. दिवसाला दीड जहाजसुद्धा नाही. एवढा जवळचा रस्ता मिळूनही जहाजं का आली नाहीत?

कारण जगातला बहुतेक माल तेव्हा शिडांवर चालत होता आणि लाल समुद्र शिडाच्या जहाजाला गैरसोयीचा होता. त्याच्या उत्तर भागात वर्षभर वायव्येकडून वारा येतो, म्हणजे सुएझकडे जाणाऱ्याच्या तोंडावर. दोन्ही बाजूंना प्रवाळाचे खडक. अरुंद कालव्यात शिडं उभारून चालणं अशक्य, म्हणून टगबोटीने ओढून न्यायचा खर्च. वर टनामागे १० फ्रँक टोल. केपच्या, म्हणजे आफ्रिकेच्या दक्षिण टोकाच्या, वळशात मात्र वारा फुकट होता आणि वाटेत टोल घेणारं कोणी नव्हतं.

आगबोटीचं गणित वेगळं. लंडन ते मुंबई केपच्या वळशाने साधारण १०,७०० सागरी मैल, सुएझमार्गे ६,३०० च्या आसपास. ताशी ८ मैलांच्या आगबोटीला पहिल्या वाटेवर ५६ दिवस लागतील, दुसरीवर ३३. समजा ती दिवसाला ३० टन कोळसा जाळते. केपने गेली तर १,६८० टन लागतील, सुएझने ९९० टन. म्हणजे जवळजवळ ७०० टन जागा मालाला मोकळी झाली. शिवाय माल्टा, पोर्ट सैद, एडन इथे थांबून कोळसा भरता येत असल्याने सगळा साठा बरोबर न्यावा लागत नव्हता. आगबोट अशा मार्गाचीच वाट पाहत होती. त्याच दशकात आल्फ्रेड होल्टने दोन सिलिंडरांमध्ये वाफ दोनदा वापरणारं इंजिन लांबच्या व्यापारी प्रवासात चालवून दाखवलं होतं. कमी कोळशात लांब जाणारी आगबोट आणि कालवा हे दोन्ही एकत्र आले तेव्हाच वळसा सुटू लागला. १८८० मध्ये वर्षाला सुमारे २,००० जहाजं कालव्यातून जाऊ लागली होती.

तोवर कालवाही त्रासाचा होता. तळाशी २२ मीटर रुंद, ८ मीटर खोल. समोरून जहाज आलं की एकाने ठरावीक रुंद जागेत शिरून काठाच्या खुंट्यांना दोर बांधून थांबायचं. रात्री चालायला बंदी. १८७० ते १८८४ या काळात जहाजं तळाला किंवा काठाला लागण्याचे सुमारे ३,००० प्रसंग घडले. पुढे वाट रुंद-खोल केली आणि १८८७ पासून विजेचे झोत लावून रात्री चालायची परवानगी मिळाली, तेव्हा कालवा पार करायचा वेळ निम्म्याहून कमी झाला.

शिडाची जहाजंही भंगारात गेली नाहीत. प्रसिद्ध ‘कटी सार्क’ हे चहा वाहणारं जहाज तर कालवा उघडल्यावर पाच दिवसांनी पाण्यात उतरलं. चहाचा व्यापार आगबोटींनी काही वर्षांत हिसकावला, पण ऑस्ट्रेलियाची लोकर, धान्य आणि चिलीचं खत शिडांवर पुढेही अनेक दशकं चाललं. आणखी एक गोष्ट: एडनला आगबोटी जो वेल्सचा कोळसा भरत, त्यातला बराचसा शिडाच्या जहाजांनी आणलेला असे.

मुंबईचं श्रेय मात्र कालव्याला देऊच नये. कापसाची ती तेजी १८६१ ते १८६५ ची. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून मुंबईच्या गाठी केपला वळसा घालून जात होत्या. युद्ध संपलं तशी १८६५ मध्ये बँका आणि बॅकबेत समुद्र भरून जमीन करणाऱ्या कंपनीचे शेअर कोसळले. कालवा उघडायला अजून चार वर्षं होती. डाक आणि प्रवासी तर त्याआधीपासून सुएझमार्गेच जात: मुंबईहून आगबोटीने सुएझ, तिथून रेल्वेने अलेक्झांड्रिया आणि पुढे दुसरी बोट. कालव्याने मुंबईला दिलं ते वेगळं: माल न उतरवता थेट युरोपला नेणाऱ्या मोठ्या आगबोटी. त्या उभ्या करायला भरतीवर अवलंबून नसलेल्या गोद्या लागल्या, आणि १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक तयार झाला.

राहिला पनामा. तिथे सुएझवाल्या लेसेप्सनेच खरोखर सुएझचीच युक्ती लावायचा हट्ट धरला. १८७९ च्या पॅरिस परिषदेत गोदँ द लेपिने या इंजिनिअरने नदी अडवून तलाव करा, लॉक बांधा असं सांगितलं होतं. लेसेप्सने ऐकलं नाही. १८८१ मध्ये समुद्रसपाटीचं खोदकाम सुरू झालं. पण इथे वाळू नव्हती, डोंगर होता. पावसाने कडे ढासळत आणि खणलेलं पुन्हा भरे. चाग्रेस नदीला पूर येई. पॅसिफिककडची भरती सहा मीटरपर्यंत, अटलांटिककडे जेमतेम अर्धा मीटर. त्यात पीतज्वर आणि मलेरियाने हजारो माणसं मेली. लेसेप्सने लॉक मान्य केले तोवर उशीर झाला होता, १८८९ मध्ये कंपनी बुडाली. अमेरिकनांनी १९१४ मध्ये जो कालवा उघडला तो लॉकचाच. तिथे जहाज समुद्रापेक्षा २६ मीटर उंच चढतं आणि चाग्रेसचं पाणी अडवून केलेल्या गातून तलावावरून पलीकडे जातं. २०२३ मध्ये पाऊस कमी पडला तेव्हा तलाव उतरला आणि पनामाने रोजची जहाजं कमी केली.