"दादा, एक फोटो काढू का?" एवढ्याने परवानगी मिळत नाही

नाशिकच्या कारागिरांवर मी जी सिरीज लिहितोय त्यातला येवल्याच्या पैठणी विणकराचा भाग कधी येणार म्हणून बरेच जण विचारतायत. तो लिहून झालाय, पण मी थांबलोय, आणि का ते सांगतो.

येवल्यात माग बऱ्याचदा राहत्या घरातच असतो. दारात आलेल्या माणसाने फोन काढून "एक फोटो काढू का" विचारलं तर नाही कोण म्हणणार? ते हो म्हणजे आपला पाहुणचार झाला, त्याला मी परवानगी मानत नाही. आणि मागावरची साडी बऱ्याचदा विणकराची नसतेच. रेशीम आणि जरीचा धागा व्यापारी देतो, विणकर मजुरीवर विणतो. डिझाइन नवीन असेल आणि आपण अर्ध्या विणलेल्या पदराचा क्लोजअप टाकला तर ते बघून उद्या कुणी पॉवरलूमवर स्वस्तात काढू शकतं, आणि व्यापारी जाब विचारणार तो विणकराला. आपल्याला लाईक्स मिळून गेलेले असतात.

म्हणून मी एकेक गोष्ट वेगळी विचारतो. चेहरा चालेल का, घर चालेल का, मजुरीचा आकडा लिहू का. हे दादा म्हणाले चेहरा घ्या, हात घ्या, पण मागावरचा पदर नको आणि मजुरी तर अजिबात नको, पुढच्या साडीची बोलणी अडतात. वहिनी म्हणाल्या, माझा फोटो नको पण नाव टाका, निम्मा पदर मी विणते. हे विचारलं नसतं तर सगळं श्रेय एकट्या दादांच्या नावावर गेलं असतं!

मग दादांनी एक जुना पदर उलटा करून दाखवला. मोराच्या प्रत्येक रंगाची तिल्ली, म्हणजे धागा गुंडाळलेली छोटी कांडी, वेगळी, आणि दोन रंग जिथे भेटतात तिथे धागे एकमेकांत अडकवून परत वळवायचे, प्रत्येक ओळीत, हाताने. त्यामुळे मागची बाजू पुढच्यासारखीच साफ दिसते. मशीनच्या पैठणीत बहुतेक वेळा मागे सुटे धागे लोंबतात नाहीतर कापलेले दिसतात. मला लिहायचंय ते हे. "बिचारे", "मरणपंथाला लागलेली कला" असलं मी लिहिणार नाही, समोर बसलेला माणूस रोज हे काम करतोय आणि आपल्याला शिकवतोय, त्याची कीव कसली करायची?

लिहून झाल्यावर मी दोघांना मागाजवळ बसून सगळं वाचून दाखवलं. दादांनी वडिलांच्या कर्जाचं वाक्य काढायला लावलं. बोलण्याच्या ओघात ते मला सांगून गेले होते, पण ते सगळ्या गावाने वाचावं असं त्यांना वाटत नाही. काढलं लगेच. पोस्ट टाकल्यावरही कधी नकोशी वाटली तर एक फोन करा, उतरवतो, हेही सांगून आलोय.

आता मागावरची साडी व्यापाऱ्याकडे पोचली की दादा कळवणार आहेत, त्यानंतरच तो भाग येईल. तेव्हा कमेंटमध्ये "केवढ्याला पडते" विचारू नका प्लीज. ज्यांना खरंच विणून घ्यायचीय त्यांनी मला मेसेज करा, मी दादांना विचारून मगच नंबर देईन.